वीस हजारांचं कर्ज महाग का? बँकिंग-विम्याच्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजारात दर रविवारी सकाळी मी बी.कॉम.च्या मुलांचा बँकिंग आणि विम्याचा वर्ग घेतो. बहुतेक मुलं बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतली: घरी मराठी, बाजारात गुजराती आणि पेपर इंग्रजीत. त्यामुळे व्याख्या पाठ असतात, पण ‘सर, म्हणजे नक्की काय?’ हा प्रश्न मराठीतच येतो. नोकरीची बरीच वर्षं मी कर्ज विभागात काढली. खाली आहेत ते दरवर्षी नव्याने विचारले जाणारे प्रश्न. दोन कर्जांची तुलना जिथे येते तिथले आकडे मी हिशेबासाठी धरलेले आहेत. ते बदलून गणित पुन्हा करायला हरकत नाही, किंबहुना कराच.

जोखीम वाटून घेतली की ती कमी होते ना?

नाही. परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात.

समजा एका बाजारात १० दुकानं आहेत. कुठल्याही एका वर्षात एखाद्या दुकानाला आग लागण्याची शक्यता २०० मध्ये १, आणि आग लागली तर नुकसान २ लाखांचं. सरासरीने पाहिलं तर प्रत्येक दुकानाच्या वाट्याला वर्षाला १,००० रुपयांचं नुकसान येतं. पण १,००० रुपयांचं नुकसान प्रत्यक्षात कुणाचंच होत नाही. ९५ टक्के वर्षांत काहीच घडत नाही, आणि घडतं तेव्हा एकाचे २ लाख जातात. दहाही जणांनी ते वाटून घ्यायचं ठरवलं तर त्या वर्षी प्रत्येकाला २०,००० काढावे लागतील. म्हणजे गट केला तरी झटका आहेच.

आता १,००० दुकानं घ्या. वर्षाला सरासरी ५ आगी. एखाद्या वर्षी २, एखाद्या वर्षी ९. अजूनही बरीच वर-खाली आहे. १ लाख दुकानं घेतली तर सरासरी ५००, आणि बहुतेक वर्षी आकडा ४५५ ते ५४५ च्या आत राहतो. आगी कमी झाल्या का? एकही नाही. दर दुकानामागचं सरासरी नुकसान तेच १,००० रुपये. कमी झाली ती अनिश्चितता. पुढच्या वर्षी किती पैसे लागतील हे आता जवळजवळ आधीच सांगता येतं, आणि सांगता येतं म्हणूनच त्याचा भाव लावता येतो.

त्या १,००० रुपयांवर कंपनीचा खर्च, आकडा चुकला तर हाताशी असावी म्हणून ठेवलेली गंगाजळी आणि नफा चढवला की प्रीमियम होतो. आग टाळायची असेल तर वायरिंग बदलावं लागतं, ते काम विमा करत नाही.

मग आमच्या आईची भिशी हाही विमाच झाला का?

नाही. भिशीत पैसे पाळीने किंवा चिठ्ठीने मिळतात, संकट आलं म्हणून मिळत नाहीत. तुमच्याकडे फेब्रुवारीत आजारपण आलं आणि चिठ्ठी ऑगस्टमध्ये निघाली तर भिशीचा उपयोग नाही. ती बचत आणि कर्ज यांची जोडी आहे: आधी उचलणारा कर्जदार, शेवटी उचलणारा ठेवीदार.

बोलीच्या भिशीत मात्र एक गंमत बघण्यासारखी आहे. ज्याला घाई असते तो ‘मला ५०,००० ऐवजी ४६,००० चालतील’ म्हणतो आणि सोडलेले ४,००० बाकीच्यांत वाटले जातात. व्याजाचा भाव डोळ्यांसमोर ठरताना बघायचा असेल तर याच्याइतकी सोपी जागा नाही.

गट मोठा असला की विमा कंपनी निश्चिंत, असं का नाही?

कारण वरच्या हिशेबात मी एक गोष्ट न सांगता धरून चाललो होतो: एका दुकानाच्या आगीचा दुसऱ्याच्या आगीशी संबंध नाही.

ऑगस्ट २०२४ आठवा. गोकुळाष्टमीच्या सुमारास विश्वामित्री नदी शहरात शिरली. पाणी एका घरात शिरलं आणि शेजारचं कोरडं राहिलं, असं झालं नाही. अख्ख्या सोसायट्या, अख्खे बाजार एकाच वेळी पाण्यात. त्या भागातल्या १० हजार दुकानांचा गट केला असता तरी पुराच्या दृष्टीने तो जवळजवळ एकाच मोठ्या दुकानासारखा. गट मोठा की लहान हे माणसं मोजून ठरत नाही. एकाचं नुकसान झालं तेव्हा बाकीचे सुरक्षित असण्याची शक्यता किती, यावर ते ठरतं.

म्हणून कंपनी बडोद्याच्या पुराची जोखीम नागपूरच्या, कोईमतूरच्या आणि गुवाहाटीच्या जोखमीत मिसळते, आणि तरीही उरलेला भार पुनर्विमा करणाऱ्यावर, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्यावर, टाकते. आपल्याकडे जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशन हे काम करते. हा मुद्दा नीट डोक्यात ठेवा. छोट्या कर्जांच्या बाबतीत तो परत येणार आहे.

व्याजदर ठरतो तरी कसा? रिझर्व्ह बँक ठरवते ना?

रिझर्व्ह बँक रेपो दर ठरवते, म्हणजे ती बँकांना थोड्या मुदतीसाठी ज्या दराने पैसे देते तो दर. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी घरकर्जं, वैयक्तिक कर्जं आणि सूक्ष्म-लघु उद्योगांची कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावी लागतात. पण रेपो हा पाया झाला. त्यावर किती मजले चढवायचे ते कर्ज देणारा ठरवतो.

मजले चार. पहिला, पैसा आणायचा खर्च, म्हणजे ठेवीदाराला द्यायचं व्याज. दुसरा, कर्ज द्यायचा आणि वसूल करायचा खर्च: माणसं, जागा, फेऱ्या, कागद. तिसरा, बुडणाऱ्या कर्जांची सरासरी भरपाई. हा मजला म्हणजे विम्याचा प्रीमियमच. फेडणाऱ्या सगळ्यांकडून थोडं थोडं घ्यायचं आणि न फेडणाऱ्यांचा खड्डा भरायचा. चौथा, भांडवलावरचा परतावा.

विद्यार्थ्यांचं लक्ष पहिल्या आणि तिसऱ्यावर असतं, कारण पुस्तकात त्यांच्यावर पानंच्या पानं असतात. लहान कर्जदाराची खरी गोष्ट मात्र दुसऱ्या मजल्यावर घडते.

त्याच बँकेतून सेव-उसळवाल्याला २० टक्के आणि कारखानदाराला १० टक्के, हा अन्याय नाही का?

आधी हिशेब करू, मग अन्यायाबद्दल बोलू.

एक कर्ज २०,००० रुपयांचं, सेव-उसळीच्या लारीसाठी, म्हणजे हातगाडीसाठी, विनातारण. दुसरं २० लाखांचं, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथ वर्कशॉपचं, यंत्र तारण. दोन्ही एका वर्षासाठी, मुद्दल १२ समान हप्त्यांत.

पहिली गोष्ट: २०,००० रुपये वर्षभर त्या माणसाकडे नसतात. दर महिन्याला मुद्दल उतरत जातं. वर्षभराची सरासरी बाकी काढली तर ती १०,८३३ रुपये येते, निम्म्याहून थोडी जास्त. व्याज मिळायचं ते या रकमेवर. मोठ्या कर्जाची सरासरी बाकी तशीच १०,८३,३३३.

पैसा आणायचा खर्च दोघांना ७ टक्के धरू. लारीच्या कर्जाला ७५८ रुपये, वर्कशॉपच्या कर्जाला ७५,८३३.

कामाचा खर्च. लारीच्या कर्जाला अर्जापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत सगळं मिळून ९०० रुपये धरतो. वर्कशॉपच्या कर्जाला त्याच्या दहापट, ९,००० रुपये, कारण तिथे ताळेबंद तपासायचा, यंत्राचं मूल्यांकन करायचं, वकिलाचा कागद हवा. खर्च दहापट, पण कर्ज मात्र शंभरपट.

बुडीत. १०० लारीवाल्यांपैकी ३ जण निम्म्या वाटेवर थांबले असं धरू. प्रत्येकी १०,००० बुडाले, म्हणजे ३०,०००. ते १०० जणांवर वाटले की दर कर्जामागे ३०० रुपये. १०० वर्कशॉपपैकी १ निम्म्या वाटेवर थांबलं, १० लाख बाकी होते, यंत्र विकून ६ लाख आले, ४ लाख बुडाले. दर कर्जामागे ४,०००. (बुडालेलं व्याजही हिशेबात यायला हवं, पण फळ्यावर मावावं म्हणून सोडतो.)

परतावा दोघांकडून २ टक्के: २१७ रुपये आणि २१,६६७ रुपये.

बेरीज करा. लारीच्या कर्जाला ७५८ अधिक ९०० अधिक ३०० अधिक २१७, म्हणजे २,१७५ रुपये. १०,८३३ वर हे २०.१ टक्के होतात. वर्कशॉपच्या कर्जाला १,१०,५०० रुपये, म्हणजे १०.२ टक्के.

आता फरक कुठून आला ते बघा. दोन दरांत जवळजवळ १० टक्क्यांचं अंतर आहे. बुडीताच्या मजल्याने त्यातले अडीच टक्केही आणले नाहीत. कामाच्या खर्चाचा मजला लहान कर्जावर ८.३ टक्के आणि मोठ्यावर ०.८ टक्के, म्हणजे साडेसात टक्क्यांचं अंतर एकट्या तिथून. चारातला तीन भाग फरक, लारीवाला फेडेल की नाही, या शंकेतून आलेलाच नाही. त्याचं कर्ज लहान आहे, एवढ्यातून आला.

‘गरिबांची कर्जं बुडतात म्हणून महाग’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत मी इतक्यांदा वाचलं आहे की आता ते दिसलं की लाल पेन आपोआप चालतं.

एका वीस हजारांच्या कर्जाला ९०० रुपये खर्च? हे फुगवलेलं वाटतं.

मला तर ते कमी वाटतं. एक प्रसंग सांगतो. खंडेराव मार्केटजवळ भाजी विकणाऱ्या एका बाईंचा १५,००० रुपयांचा अर्ज माझ्याकडे आला होता. पहिल्या दिवशी गेलो तर टोपल्यांवर गोणपाट टाकलेलं, त्या भाचीच्या लग्नाला पादऱ्याला गेलेल्या. दुसऱ्या फेरीला भेटल्या, पण लाइट बिल घरमालकाच्या नावावर आणि घरमालक राहायला सुरतेत. तिसऱ्या फेरीला शेजारच्या लिंबूवाल्या काकांनी ‘मावशी बारा वर्षं इथेच बसतात’ म्हणून सांगितलं, मी ते लिहून घेतलं, सही घेतली.

मग धंद्याचा अंदाज. वही नव्हती. त्यांनी हिशेब सांगितला तो टोपल्यांत: ‘साहेब, सकाळी सहा टोपल्या आणते, चार जातात, एक घरी, एक गाईला.’ त्या चार टोपल्यांतून मला महिन्याचं उत्पन्न काढायचं होतं. मेथीचा भाव पावसाळ्यात वेगळा आणि थंडीत वेगळा, ते धरून. त्या अर्जावर माझे सगळे मिळून साडेचार तास गेले. वर्कशॉपच्या कर्जाला ऑडिट केलेला ताळेबंद फाइलला लावलेला असतो. तो वाचायला तास-दीड तास पुरतो.

वसुलीचं तर बोलूच नका. मोठ्या कर्जाचा हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. छोट्याला, विशेषतः रोख हप्ता असेल तर, दर वेळी माणूस जावा लागतो, पावती फाडावी लागते, गोळा झालेली रक्कम संध्याकाळी मोजून भरावी लागते. हप्ता आठवड्याचा ठेवला तर कर्जदाराला सोपा जातो, पण वर्षाला फेऱ्या १२ ऐवजी ५२.

खर्च कमी होऊ शकतो हे मात्र खरं. आधार, क्यूआर कोडवरून दिसणारी रोजची विक्री, आपोआप कापला जाणारा हप्ता यांनी साडेचार तासांचा तास करता येतो. वरच्या गणितात ९०० च्या जागी ४०० घाला, दर साडेपंधरा टक्क्यांच्या जवळ येतो. कर्जदार तोच, त्याची फेडण्याची ताकद तीच, तरी साडेचार टक्के उतरले.

प्रामाणिकपणे फेडणाऱ्याने इतरांच्या बुडीताचे ३०० रुपये का भरायचे?

कारण कर्ज देताना तो प्रामाणिक आहे हे देणाऱ्याला दिसत नाही. शंभर अर्ज समोर आहेत, तीन जण थांबणार हे अनुभवावरून माहीत आहे, पण ते तीन कोण हे माहीत नाही. म्हणून शंभरही जणांकडून सरासरी घेतली जाते. विम्यात हे आपल्याला खटकत नाही, कारण आग ही दैवाची गोष्ट वाटते. कर्जात खटकतं.

यातून सुटायचा रस्ता म्हणजे स्वतःची ओळख पटवणं. कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोतला फेडीचा इतिहास तेच करतो. सरकारची फेरीवाल्यांसाठीची स्वनिधी योजना जून २०२० मध्ये सुरू झाली तेव्हा पहिलं कर्ज १०,००० चं होतं, आणि पुढे ते फेडलं की २०,००० चं आणि मग ५०,००० चं, अशा पायऱ्या झाल्या. पहिल्या पायरीवरचं कर्ज एका अर्थी माहिती विकत घेण्यासाठी दिलेलं असतं.

सावकाराची गोष्ट वेगळी. त्याला माणूस ओळखीचा असतो, पण गट लहान असतो. २० कर्जदार आणि ३ टक्के बुडण्याची शक्यता असेल, तर साधारण आठ वर्षांतून एकदा त्याचे दोन किंवा जास्त जण एकदम थांबतात आणि दहावा हिस्सा रक्कम अडकते. शंभरात तीन हा आकडा त्याच्या वहीत कधी शांतपणे बसतच नाही. ती धास्तीही तो व्याजात धरतो. आणि गल्लीत दुसरा कुणी देणारा नाही, याचा फायदा धरतो तो वेगळाच.

जोखीम जास्त असेल तर दर वाढवा आणि सगळ्यांना कर्ज द्या. बँक नाही का म्हणते?

दर वाढवला की समोरची माणसं बदलतात म्हणून.

२० टक्क्यांना शंभर जण येतात, तीन थांबतात. दर २४ केला तर आधी कोण उठून जातो? ज्याचा धंदा बेताचा पण स्थिर आहे तो. ब्लाउज शिवणारी बाई हिशेब करते आणि म्हणते, यात मला काही उरत नाही. राहतो तो ज्याला दराशी देणंघेणं नाही, कारण त्याला आधीचा सावकार भागवायचा आहे, किंवा ज्याने ‘लागला तर लागला’ म्हणून पैसे घेतलेत. आता थांबणारे तीन नाहीत, आठ होतात. वाढवलेला दर खड्डा भरायला पुरत नाही. जोसेफ स्टिग्लिट्झ आणि अँड्र्यू वाइस यांनी १९८१ मध्ये हेच मांडलं: एका मर्यादेनंतर दर वाढवण्यापेक्षा काही जणांना कर्ज नाकारणं बँकेला परवडतं.

विम्यातलं भावंड तुम्हाला माहीत आहे. आजार कळल्यावर पॉलिसी घ्यायला धावणारे. जीवन ज्योती योजनेचा वर्षाचा प्रीमियम ४३६ रुपये, २ लाखांचं संरक्षण, १८ ते ५० वयाच्या सगळ्यांना एकच भाव. यात पंचविशीतला मुलगा पन्नाशीच्या काकांचा भार थोडा उचलतो. नव्याने सामील झाल्यावर पहिले ३० दिवस अपघाताखेरीज मृत्यूला दावा मिळत नाही, तो अट म्हणून घातलेला अडसर याच धावणाऱ्यांसाठी आहे. आणि ४३६ मध्ये हे जमतं कसं? वैद्यकीय तपासणी नाही, पैसे बचत खात्यातून एका फटक्यात कापले जातात. पुन्हा तेच: दुसरा मजला जवळजवळ पाडूनच टाकला.

गटकर्जात बायका एकमेकींना जामीन राहतात. मग ते तरी स्वस्त असायला हवं.

थोडं होतं. कोण कशी आहे हे शेजारणीला बँकेपेक्षा चांगलं ठाऊक असतं, त्यामुळे निवडीचं काम गटच करतो. बुडीत घटतं.

पण विश्वामित्री आठवते ना? एका गटातल्या दहाही जणी एकाच वस्तीतल्या, बऱ्याचदा एकाच धंद्यातल्या. पाणी आलं की दहाही जणींची मशिनं भिजतात आणि मग कोण कुणाचा हप्ता भरणार? शेजारीण ओळखीची आहे म्हणून तिची निवड सोपी जाते, आणि ती शेजारीच राहते म्हणून पुरात तिचाही हप्ता चुकतो. २०२० च्या टाळेबंदीत हे देशभर एकदम झालं. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली ती उगाच नाही. ज्या छोट्या संस्थेची सगळी कर्जं एका शहरात आहेत तिला पैसे देणारी बँकही हे ओळखून जास्त दर लावते, आणि तो कर्जदाराच्या दरात उतरतो.

एजंट म्हणतो १२ टक्के फ्लॅट. हे तर स्वस्तच झालं?

२०,००० वर १२ टक्के, वर्षाला २,४०० रुपये, एकूण २२,४०० भागिले १२, हप्ता १,८६७. ऐकायला छान. पण हे व्याज पूर्ण २०,००० वर वर्षभर लावलंय. दहाव्या महिन्यात तुमच्याकडे त्यातले पाच हजारच उरलेले असतात, तरी व्याज वीस हजारांचं. उतरत्या बाकीवर काढलं तर हा दर जवळपास साडेएकवीस टक्के होतो. आपल्या २० टक्क्यांच्या कर्जापेक्षा महाग.

रोजच्या डायरीवर, म्हणजे रोज वसूल होणाऱ्या खासगी कर्जात, तर याहून गमतीचं चालतं. ‘दहा हजार लिहायचे, नऊ हातात, रोज शंभर, शंभर दिवस.’ लारीवाले याला १० टक्के म्हणतात. सरासरी साडेचार हजार रुपये शंभर दिवस वापरायला त्याने १,००० मोजले. वर्षाचा दर ७५ ते ८० टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी बसतो.

बँका आणि वित्तसंस्था यांना १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या नव्या मुदत कर्जाबरोबर की फॅक्ट्स स्टेटमेंट द्यावं लागतं. केएफएस म्हणतात त्याला. त्यात एपीआर नावाचा आकडा शोधा. प्रोसेसिंग फी, कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा, सगळं धरून पडणारा वार्षिक दर तो. एजंटने सांगितलेला दर आणि हा आकडा यांत पाच-सात टक्क्यांचं अंतर दिसलं तर फी कुठे लपली आहे ते विचारा. विमा घेतलाच पाहिजे का, हेही.

सरकारने छोट्या कर्जांवर कमाल दर का ठरवू नये?

ठरवून पाहिला आहे. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात सूक्ष्म कर्जांच्या वसुलीवरून मोठं संकट आलं, त्यानंतर २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने सूक्ष्म वित्तसंस्थांवर २६ टक्क्यांची मर्यादा घातली. पुढे ती सूत्रात बदलली आणि २०२२ मध्ये काढली. आता दर संस्थेच्या संचालक मंडळाने ठरवायचा, तो अवाजवी नसावा आणि त्याचं कारण दाखवता यायला हवं.

आपल्या गणितात १५ टक्क्यांची मर्यादा घाला. २०,००० चं कर्ज देणं तोट्याचं. देणारा काय करेल? दर उतरवणार नाही, लारीवाल्याकडे जायचंच सोडेल आणि लारीवाला डायरीवाल्याकडे जाईल.

पण दुसरी बाजूही आहे, आणि इथे मी संस्थांच्या बाजूचा नाही. खर्च २० टक्के येतो म्हणून दर २० हवा. तो २६ असेल तर वरचे सहा टक्के खर्चाचे नाहीत, ते कर्जदाराला दुसरं दार माहीत नाही याचे आहेत. मर्यादा काढली तेव्हा स्पर्धा हे काम करेल अशी अपेक्षा होती. जिथे एकाच वस्तीत चार संस्थांचे एजंट येतात तिथे ती दर कमी करण्यापेक्षा एकाच बाईला चार कर्जं देण्यात जास्त दिसते. म्हणून २०२२ च्या नियमांत दुसरी एक मर्यादा आहे: वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत.

कर्ज मोठं घेतलं की दर उतरतो. मग लारीवाल्याने ४०,००० च घ्यावेत का?

हा प्रश्न गेल्या रविवारी मागच्या बाकावरून आला आणि चांगला होता.

दर उतरतो, बरोबर. तेच ९०० रुपये आता २१,६६७ च्या सरासरी बाकीवर पसरतात, ८.३ चे ४.२ टक्के होतात आणि एकूण दर १६ च्या आसपास येतो. पण वर्षाचं व्याज सुमारे २,२०० वरून सुमारे ३,४५० वर जातं. आणि पहिल्या महिन्याचा हप्ता २,००० चा ३,८७० होतो.

देणाऱ्याला मोठं कर्ज आवडतं, कारण त्याची फेरी तेवढीच. घेणाऱ्याने बघायचं ते लारीकडे. सेव-उसळीची लारी महिन्यातले २५ दिवस लागते असं धरलं तर २०,००० च्या कर्जाच्या हप्त्याला रोज ८० रुपये बाजूला काढावे लागतात, ४०,००० च्या हप्त्याला १५५. दुसरं पातेलं, दुसरा स्टोव्ह घेऊन लारीवर रोजचे ७५ रुपये जास्त सुटत असतील तर घ्या. लारीच्या पुढ्यात उभं राहून खाणारी माणसं तेवढीच असतील, तर दुसऱ्या पातेल्यातला रस्सा संध्याकाळी उरेल आणि १६ टक्क्यांचं कर्ज त्याला २० पेक्षा महाग पडेल.